कृतिसंशोधनाला मुख्याध्यापिकांची परवानगी: पत्रात काय लिहायचे आणि काय टाळायचे

प्रश्न: मी पुण्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी मराठी माध्यमाची अनुदानित शाळा मिळाली आहे. सहावीच्या एका तुकडीवर (पट 44) गणिताच्या आठवड्याला 2 तासिका माझ्याकडे आहेत. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना दिसले की 19 मुलांनी 1/2 + 1/3 = 2/5 असे केले आहे. यावरच कृतिसंशोधन करायचे ठरवले. मुख्याध्यापिका मॅडमना पत्र दिले: "इयत्ता सहावीतील विद्यार्थ्यांच्या गणितातील कमकुवतपणाचा अभ्यास करण्यासाठी 15 तासिका मिळाव्यात व सहकार्य करावे." त्यांनी "बघू, पोर्शन राहिलाय" म्हणून पत्र बाजूला ठेवले. आठवडा झाला. नवीन पत्र कसे लिहू?

उत्तर:

तुमचा विषय चांगला आहे. अडचण पत्रातल्या दोन शब्दांत आणि एका आकड्यात आहे: "कमकुवतपणा", "अभ्यास" आणि 15.

मी आधी शाळेत मुख्याध्यापिका होते आणि नंतर अध्यापन महाविद्यालयात कृतिसंशोधनाचे मार्गदर्शन केले, त्यामुळे हे पत्र मी दोन्ही बाजूंनी वाचले आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ते येते तेव्हा त्यांना तुमच्या संशोधनाचे मोल ठरवायचे नसते. त्यांच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. पोर्शन मागे पडेल का? उद्या एखादा पालक "माझ्या मुलावर कसले प्रयोग चाललेत" म्हणत केबिनमध्ये येईल का? आणि या अहवालात माझ्या शाळेबद्दल काय छापून जाणार आहे? तीनही उत्तरे पत्रात असली की सही करायला अडचण नसते. त्यातले एक जरी नसले की "बघू" येते. "बघू" हा नकार नाही. ठरवण्यापुरती माहिती पत्रात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुण्यात यात आणखी एक भर पडते. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या कित्येक शाळांमध्ये एकाच वेळी दोन-दोन महाविद्यालयांचे छात्राध्यापक असतात. वर एम.एड.वाले प्रश्नावल्या घेऊन येतात आणि पीएच.डी.वाले मुलाखतींसाठी. मुख्याध्यापक या सगळ्याला कंटाळलेले असतात आणि "संशोधन" शब्द दिसला की तुम्हालाही त्याच रांगेत धरतात. म्हणून कृतिसंशोधनाची व्याख्या, त्याचे महत्त्व, स्टीफन कोरी यांनी 1953 मध्ये काय लिहिले वगैरे सगळे अहवालाच्या पहिल्या प्रकरणासाठी ठेवा. पत्रात त्याची एकही ओळ नको.

पत्राआधी गणिताच्या बाईंना भेटा

तुमचे पत्र वाचून मुख्याध्यापिका पहिली गोष्ट कोणती करतील? त्या तुकडीला गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेला बोलावून विचारतील, "तुम्हाला हे माहीत आहे का?" बाई "नाही बुवा" म्हणाल्या की विषय संपला, मग पत्र कितीही छान असो.

तेव्हा आधी स्टाफरूममध्ये त्यांच्याशी दहा मिनिटे बोला, आणि बोलताना चुकीपासून सुरुवात करू नका. "बाई, तुमच्या 19 मुलांना बेरीज येत नाही" हे वाक्य त्यांच्या शिकवण्यावरचा शेरा म्हणूनच ऐकले जाते. छेद समान नसताना वरची बेरीज वर आणि खालची बेरीज खाली करणे ही जगभरातल्या वर्गांत सापडणारी चूक आहे. मुले पूर्ण संख्यांची सवय अपूर्णांकावर लावतात म्हणून ती होते, एखादी शिक्षिका कमी पडली म्हणून नाही. हे तुम्हीच आधी म्हणा. मग विचारा, "दुसऱ्या सत्रात तुम्हाला अपूर्णांक कुठे-कुठे लागणार आहेत?" गुणोत्तर-प्रमाण आणि शेकडेवारी आली की त्या स्वतःच म्हणतील की हे पक्के झाले तर बरेच. हाच धागा पुढे पत्रात येतो.

याच भेटीत आणखी एक गोष्ट ठरवून घ्यायची आहे, आणि तीच सगळ्यात मोठी.

15 तासिकांचे काय करायचे

अपूर्णांक पहिल्या सत्रात शिकवून झाला आहे. म्हणजे मुख्याध्यापिकांच्या हिशेबात तुम्ही संपलेल्या घटकासाठी नव्याने 15 तासिका मागत आहात, तेही दुसऱ्या सत्रात, जिथे नाताळ, क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी आधीच तासिका खातात. कुणीही मान हलवणार नाही.

आता नीट मोजा. आठवड्याला 2 तासिका तुमच्याकडे आहेतच. तीन आठवड्यांच्या झाल्या 6. कृतिसंशोधनाला एवढ्या पुरतात. पहिल्या तासिकेत 20 मिनिटांची पूर्वचाचणी आणि उरलेल्या वेळात अपूर्णांक दाखवायच्या कागदी पट्ट्यांची ओळख. मधल्या चार तासिका प्रत्यक्ष उपक्रमाच्या. सहाव्या तासिकेत 20 मिनिटांची उत्तरचाचणी, आणि मग मुलांशी तिच्यातल्या गणितांवर बोलणे. म्हणजे जादा तासिका शून्य. पत्रातले हे एक वाक्य बाकी सगळ्या पत्रापेक्षा जास्त काम करते.

पण ते खरे असायला हवे. तुमच्या त्या 6 तासिकांत एरवी चालू पोर्शन शिकवला गेला असता. तो आता बाईंना त्यांच्या तासिकांत घ्यावा लागेल. त्यांची याला संमती आहे का, हे आधीच्या भेटीत विचारायचे ते यासाठी. त्या तयार असतील तर पत्रात त्यांच्याशी बोलणे झाल्याचा स्पष्ट उल्लेख करा. तयार नसतील तर उपक्रम 4 तासिकांवर आणा, पण "बदली तासिकांत करते" असे कबूल करू नका. बदली तासिका कधी येईल, कोणत्या वर्गाला येईल, याचा भरवसा नसतो, आणि सलग न झालेल्या उपक्रमातून काहीच सिद्ध होत नाही. चाचणी शनिवारी ठेवू नका. अर्ध्या दिवसाच्या शाळेत तासिका आखूड असतात आणि शेवटची पाच-सात मुले पेपर अर्धवट ठेवतात.

चार तासिकांत काय करणार हे मुख्याध्यापिकांना दोन वाक्यांत कळले पाहिजे, कारण "उपक्रम" म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे गोंगाट आणि कागदाचे कपटे येतात. तुमच्या उदाहरणात हे सोपे आहे. चौकटीच्या वहीच्या कागदाची 12 चौकटींची पट्टी घ्यायची. तिचा 1/2 म्हणजे 6 चौकटी, 1/3 म्हणजे 4. दोन्ही शेजारी ठेवले की 10 चौकटी झाल्या, म्हणजे 10/12, म्हणजेच 5/6. आता मुलाने लिहिलेले 2/5 याच पट्टीवर दाखवायला गेले तर 5 चौकटीही भरत नाहीत. नुसत्या अर्ध्याच्याच 6 होत्या, त्यात आणखी मिळवून उत्तर कमी कसे आले? हा प्रश्न मूल स्वतःला विचारते तिथे ती चूक सुटायला सुरुवात होते. पत्रात एवढे नको, पण मॅडमनी विचारले तर पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवा. मी असताना एका छात्राध्यापिकेने हे केले होते. पत्राचे दुसरे पान मी मग उघडलेही नाही.

समस्येचे वाक्य

"सहावीतील विद्यार्थ्यांच्या गणितातील कमकुवतपणाचा अभ्यास." हे शीर्षक अहवालाच्या मुखपृष्ठावर आणि त्याखाली शाळेचे नाव, असे चित्र मुख्याध्यापिकांनी क्षणात डोळ्यांपुढे आणले असेल. शिवाय ते खरेही नाही. 19 मुले गणितात कमकुवत नाहीत. ती एका विशिष्ट प्रकारच्या बेरजेत एक विशिष्ट चूक करतात. समस्या जितकी लहान आणि नेमकी, तितकी ती शाळेला कमी बोचते आणि मार्गदर्शकांनाही जास्त आवडते. "भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज करताना होणारी चूक कागदी पट्ट्यांच्या साहाय्याने दूर करणे" म्हटले की तक्रारीची जागा उपायाने घेतली. "अभ्यास" या शब्दात कोणीतरी बाहेरून निरीक्षण करायला आल्याचा सूर आहे, तो यात नाही.

19 हा आकडा पत्रात लिहावा का? माझे मत, नाही. तो अहवालात येईलच. पत्राची नोंद आवक वहीत होते, ते फाइलला लागते, पुढे कोणाच्याही हाती पडू शकते. "काही विद्यार्थी" पुरेसे आहे. तोंडी विचारले तर आकडा जरूर सांगा. आणखी एक बारीक बाब: सहामाहीच्या उत्तरपत्रिका तुम्हाला तपासणीसाठी मिळाल्या होत्या. त्यातले गुण संशोधनात वापरायचे असतील तर ते शाळेचे अभिलेख आहेत आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते. त्याची गरजही नाही. पूर्वचाचणी स्वतः घ्या आणि तेच तुमचे प्रदत्त.

मुलांची माहिती आणि पालक

जुने प्रबंध चाळून छात्राध्यापक त्यातला "विद्यार्थी माहिती तक्ता" उचलतात. त्यात जात, पालकांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, कधी आधार क्रमांकसुद्धा असतो. अपूर्णांकाच्या बेरजेशी यातल्या कशाचाही संबंध नाही. असा तक्ता पत्राला जोडला तर कोणतेही सजग मुख्याध्यापक पत्र परत करतील, आणि केले पाहिजे. तुम्हाला लागते ते एवढेच: पूर्वचाचणीचे गुण, उत्तरचाचणीचे गुण आणि चुकीचा प्रकार.

नावांऐवजी वि-1, वि-2 असे संकेत द्या. हजेरी क्रमांकच संकेत म्हणून वापरू नका, कारण वर्गातल्या कोणालाही 17 नंबर कोण ते पाठ असते. कोणता संकेत कोणाचा ती यादी तुमच्याकडे वेगळ्या कागदावर असेल आणि तोंडी परीक्षा झाली की फाडून टाकायची. महाविद्यालय परिशिष्टात नमुना उत्तरपत्रिका मागते. ती झेरॉक्स करताना नाव आणि हजेरी क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवा.

शाळेच्या नावाचा मात्र एक पेच आहे आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. तुम्ही अहवालात "पुण्यातील एक मराठी माध्यमाची शाळा" असे कितीही जपून लिहा, शेवटी उपक्रम पूर्ण केल्याचे मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र शाळेच्या लेटरहेडवर असते आणि ते अहवालातच बांधले जाते. म्हणजे शाळा कळतेच. म्हणून "शाळेचे नाव गोपनीय राहील" असे वचन पत्रात देऊ नका. प्रमाणपत्रातून शाळेचे नाव येईल, मुलांचे मात्र कुठेही येणार नाही, हे सरळ लिहा. याने तुमच्यावरचा विश्वास वाढतो; मोघम आश्वासने मुख्याध्यापकांनी भरपूर वाचलेली असतात.

फोटो. महाविद्यालयाला उपक्रमाचे फोटो हवे असतात आणि शाळेत वर्गात मोबाइल बहुधा चालत नाही. यातून मार्ग असा की मुलांचे चेहरे न घेता पट्ट्यांचे, फळ्याचे, वहीच्या पानांचे फोटो, तेही बाईंच्या समोर. चेहरे हवेतच असे मार्गदर्शक म्हणाले तर पालकांची लेखी संमती लागेल हे त्यांना सांगा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचे सगळेच बालक धरले आहेत, आणि शाळा मुलांच्या फोटोंबाबत हल्ली सावध असतात. वर्गातला फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवणे तर विसराच. एका स्टेटसमुळे मिळालेली परवानगी गेल्याचे मी पाहिले आहे.

तुमच्या बाबतीत पालकांची वेगळी लेखी संमती हवी का? नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या वेळी, अभ्यासक्रमातल्याच घटकावर शिकवणे आणि छोटी चाचणी एवढेच असेल तर बहुतेक मुख्याध्यापक डायरीतून सूचनेवर समाधान मानतात. मुलांच्या मुलाखती, ध्वनिमुद्रण किंवा चेहरे दिसणारे फोटो आले की लेखी संमती घ्यायची. पत्रात निर्णय त्यांच्यावर सोडा, पण सूचनेचा मसुदा तयार करून सोबत जोडा. तयार मसुदा असला की त्यांना फक्त "ठीक आहे" म्हणायचे उरते.

आणि गुण. या चाचण्यांचे गुण आकारिक मूल्यमापनात धरले जाणार नाहीत, हे लिहायला विसरू नका. ते पालकांसाठी जितके महत्त्वाचे तितकेच तुमच्यासाठीही, कारण गुण धरणार असे मुलांना वाटले की ती शेजाऱ्याचे बघतात आणि तुमची पूर्वचाचणी वाया जाते.

पत्र

एकच पान. हाताने लिहिले तरी चालते, अक्षर सुवाच्य असेल तर. मसुदा असा:

> दिनांक: 17 नोव्हेंबर 20__
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> (शाळेचे पूर्ण नाव), पुणे
>
> मार्फत: मा. प्राचार्य, (अध्यापन महाविद्यालयाचे नाव), पुणे
>
> विषय: इयत्ता सहावी 'ब' मध्ये गणित विषयाचे कृतिसंशोधन करण्यास परवानगी मिळणेबाबत
>
> संदर्भ: महाविद्यालयाचे आंतरवासितेबाबतचे पत्र क्र. ____, दि. ____
>
> महोदया,
>
> मी बी.एड. द्वितीय वर्षाची छात्राध्यापिका असून सध्या आपल्या शाळेत आंतरवासिता करीत आहे. इयत्ता सहावी 'ब' ला गणित विषयाच्या आठवड्याला 2 तासिका माझ्याकडे आहेत. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मला एक कृतिसंशोधन पूर्ण करावयाचे आहे.
>
> भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज करताना काही विद्यार्थी अंशांची व छेदांची स्वतंत्र बेरीज करतात, असे मला आढळले. दुसऱ्या सत्रातील गुणोत्तर-प्रमाण व शेकडेवारी या घटकांसाठी ही क्रिया पक्की असणे आवश्यक आहे. म्हणून कागदी पट्ट्यांच्या साहाय्याने ही चूक दूर करण्याचा उपक्रम घेण्याचे योजिले आहे.
>
> हा उपक्रम 24 नोव्हेंबर ते 12 डिसेंबर या कालावधीत, मला दिलेल्या 6 तासिकांतच पूर्ण होईल. त्यासाठी जादा तासिकांची आवश्यकता नाही. याबाबत गणिताच्या विषय शिक्षिकांशी माझी चर्चा झाली असून या कालावधीतील नियमित घटक त्या त्यांच्या तासिकांत पूर्ण करणार आहेत. तासिकानिहाय नियोजन सोबत जोडले आहे.
>
> उपक्रमात वर्गातील सर्व विद्यार्थी सहभागी असतील. सुरुवातीला व शेवटी प्रत्येकी 20 मिनिटांची चाचणी घेतली जाईल. या चाचण्यांचे गुण आकारिक मूल्यमापनात धरले जाणार नाहीत. अहवालात कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव, हजेरी क्रमांक अथवा चेहरा दिसणारे छायाचित्र येणार नाही. चाचणीच्या गुणांव्यतिरिक्त विद्यार्थ्यांची कोणतीही वैयक्तिक माहिती घेतली जाणार नाही. आपण द्याल त्या प्रमाणपत्रामुळे शाळेचे नाव अहवालात येईल. अहवाल केवळ महाविद्यालयात सादर होईल.
>
> पालकांना डायरीतून कळविण्याच्या सूचनेचा मसुदा आपल्या अवलोकनासाठी सोबत दिला आहे. आपण सुचवाल ते बदल करून व आपल्या सूचनेनुसारच तो पाठविण्यात येईल. उपक्रम संपल्यावर निष्कर्षांचे एक पान विषय शिक्षिकांना व आपणांस सादर करीन.
>
> तरी वरील उपक्रमास परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही)
> (पूर्ण नाव), छात्राध्यापिका, हजेरी क्र. ____
>
> सोबत: 1. महाविद्यालयाचे शिफारसपत्र 2. तासिकानिहाय नियोजन 3. पूर्वचाचणीची प्रत 4. पालकांसाठी सूचनेचा मसुदा

काही ओळींबद्दल सांगायला हवे. "सर्व विद्यार्थी सहभागी असतील" ही ओळ मुद्दाम आहे. काही मार्गदर्शक नियंत्रित गटाचा आग्रह धरतात: अर्ध्या मुलांना पट्ट्या, अर्ध्यांना नाही. एकाच वर्गात हे केले तर दुसऱ्याच दिवशी "आम्हाला का नाही" सुरू होते आणि तो प्रश्न घरी पोचतो. तीन आठवड्यांच्या कृतिसंशोधनाला एकल गट पूर्वचाचणी-उत्तरचाचणी पुरते. दुसऱ्या तुकडीला नियंत्रित गट करायचेच असेल तर त्यांनाही नंतर हाच उपक्रम मिळेल, असे पत्रात लिहावे लागेल आणि त्या तुकडीच्या तासिकाही मागाव्या लागतील. मग "जादा तासिका नकोत" हे वाक्य गेले.

पूर्वचाचणीची प्रत जोडायची, पण ती बंद पाकिटात. उघडी जोडली तर ती कारकुनांच्या टेबलावर पडते आणि तिथून कुठेही जाऊ शकते. उत्तरचाचणीतली गणिते वेगळी पण त्याच काठिण्याची असावीत, आणि पूर्वचाचणीचे पेपर उत्तरचाचणी होईपर्यंत मुलांना परत देऊ नका.

"अहवाल केवळ महाविद्यालयात सादर होईल" हे वाक्य लिहायचे असेल तर पाळायचे. पुढे यावर लेख लिहावासा वाटला तर त्याआधी शाळेला वेगळे विचारावे लागेल.

पत्र देताना

दोन प्रती न्या. एकीवर कार्यालयातून आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, ती तुमची पोच. अहवालाच्या परिशिष्टात परवानगीपत्र लागते, तेव्हा मूळ पत्र शोधायला शाळेच्या फाइली उघडाव्या लागू नयेत. मुख्याध्यापिकांनी वेगळे पत्र न देता तुमच्याच पत्रावर "परवानगी देण्यात येत आहे" असा शेरा आणि सही केली तरी ती परवानगीच असते. त्या शेऱ्याच्या प्रतीवर शाळेचा शिक्का मात्र हवा. पत्र पर्यवेक्षकांमार्फत जात असेल तर त्यांनाही आधी भेटा. वेळापत्रक त्यांच्या हातात असते आणि सहावी 'ब' ची गुरुवारची पाचवी तासिका अचानक स्नेहसंमेलनाच्या तालमीला गेली तर ती परत मिळवून देणारे तेच असतात.

पहिले पत्र टेबलावर तसेच असताना दुसरे देताना "पूर्वीचे पत्र रद्द समजावे" असे लिहू नका; फाइलीत दोन्ही राहतील आणि पुढे "कमकुवतपणा"च कोणाच्या तरी नजरेस पडेल. मॅडमना भेटून म्हणा, "आधीच्या पत्रात नियोजन नव्हते, ते घालून नव्याने आणले आहे, जुने परत घेऊ का?" आवक नोंद झाली नसेल तर बहुधा ते हातात ठेवतील.

त्यानंतर तीन-चार दिवस थांबा. "सोमवारी या" म्हणाल्या तर सोमवारीच जा, पण शाळा सुटल्यावर नको, मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकेला जा, तेव्हा केबिन जरा मोकळी असते. तरीही "बघू" आले तर तारखा सरकवायची तयारी दाखवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: "मॅडम, तासिकांची अडचण आहे की पालकांची?" उत्तर तासिकांचे आले तर 4 तासिकांचे नियोजन पुढे करा. पालकांचे आले तर सूचनेऐवजी लेखी संमतिपत्र घेण्याची तयारी दाखवा. दोन्ही नसेल आणि त्या सरळ नाही म्हणाल्या तर वाद घालू नका, मार्गदर्शकांना सांगा. आंतरवासितेचा करार शाळा आणि महाविद्यालय यांच्यात असतो, त्यामुळे पुढचे बोलणे प्राचार्यांनी करायचे असते. महापालिकेच्या शाळेत असाल तर मुख्याध्यापक "वरून पत्र आणा" म्हणतात. तेही महाविद्यालयाने करायचे काम आहे. तुम्ही एकटीने कार्यालयांच्या खेपा घालू नका.

परवानगी मिळाल्यावर नियोजन बदलले तर? उदाहरणार्थ, मार्गदर्शक मध्येच म्हणाले की परिणाम टिकला का ते पाहायला दोन आठवड्यांनी आणखी एक चाचणी घ्या. सूचना योग्य आहे. पण मिळालेली परवानगी 12 डिसेंबरपर्यंतचीच आहे. चार ओळींची चिठ्ठी द्या: मूळ परवानगीचा दिनांक, नवीन चाचणीची तारीख, लागणारी 20 मिनिटे, बाकी अटी त्याच. यावर सही मिळायला दोन मिनिटे लागतात. न विचारता घेतली आणि एखाद्या पालकाने विचारले की "अजून किती परीक्षा", तर ते उत्तर मुख्याध्यापिकांना द्यावे लागते, आणि पुढच्या वर्षी तुमच्या महाविद्यालयातून येणाऱ्या मुलींना त्याची किंमत मोजावी लागते.

निष्कर्षांचे ते एक पान अहवाल बांधायला देण्याआधी बाईंना वाचायला द्या. आकडे बदलायचे नाहीत, पण एखादे वाक्य त्यांच्या शिकवण्यावर घसरले असेल तर ते तुमच्यापेक्षा त्यांना आधी दिसेल. शिवाय 44 च्या पटावर दोन्ही चाचण्यांना हजर मुले समजा 39 भरली, तर तुलना त्या 39 चीच करायची. गैरहजर पाच कोण आणि का, हे बाईंना माहीत असते. ते कारण आजारपण असेल तर अहवालात "गैरहजर" एवढेच लिहा.